प्लेटलेट ०.८२ आणि खाली ‘क्लम्प्स सीन’ असा शेरा. निदान नको, रिपोर्ट वाचायला मदत हवी

यंत्रमाग_अक्कलकोटरोड
मंडळी, नमस्कार. वय ५१, टॉवेलचा छोटा कारखाना आहे. हर्नियाचं ऑपरेशन ठरलंय, त्याआधी रक्त तपासून आणा म्हणाले. सकाळी लॅबचा मुलगा घरी येऊन रक्त घेऊन गेला आणि संध्याकाळी फोनवर रिपोर्ट आला. सर्जन बाहेरगावी आहेत, सोमवारी भेटणार. आज शुक्रवार.

फोटो टाकलाय, नाव आणि नंबर झाकलेत. फोटो अंधुक आलाय, म्हणून हव्या त्या ओळी इथे लिहितो:

हिमोग्लोबिन १३.९
पांढऱ्या पेशी ११,६००, पुढे एच
प्लेटलेट काउंट ०.८२ लाख, पुढे एल, रेंज १.५० ते ४.१०
एमपीव्ही १२.६, पुढे एच
पीसीटी ०.१०, पुढे एल
शेरा: प्लेटलेट क्लम्प्स सीन ऑन स्मिअर. काउंट मे नॉट बी ॲक्युरेट. ॲडव्हाइज्ड रिपीट इन सायट्रेट. काइंडली कोरिलेट क्लिनिकली.
वर कोपऱ्यात: नमुना घेतला ७.४०, लॅबला मिळाला ११.१५.

ताप नाही, कुठे रक्त येत नाही, काम चालू आहे. घरात मात्र ०.८२ बघून रडारड. बायको म्हणते एक पण नाही का हो उरली. मला काय झालंय ते इथे कुणी सांगू नका, ते डॉक्टर सांगतील. ह्या शब्दांचा अर्थ काय आणि सोमवारी काय विचारायचं, तेवढं सांगा.

अक्का_विजापूररोड
अरे बाबा, हे डेंगूचं लक्षण आहे. आमच्या नातवाच्या गेल्या पावसाळ्यात अशाच उतरल्या होत्या. पपईच्या पानांचा रस दे, किवी आण, बकरीचं दूध मिळालं तर बघ. नातू आठवड्यात उभा राहिला. दवाखान्यात ॲडमिट पण होता म्हणा.

औषधदुकान
अक्का, त्यांना ताप नाही, डेंगू कशाला. पण पीसीटी कडे बघा. पीसीटी म्हणजे शरीरात जंतुसंसर्ग किती आहे ते दाखवणारी टेस्ट. आयसीयूच्या पेशंटची करतात, महाग असते. तुमची कमी आहे म्हणजे चांगलं. पांढऱ्या पेशी मात्र ११,६०० आहेत, म्हणजे थोडं इन्फेक्शन असणार. प्लेटलेट क्लम्प झाल्यात म्हणजे रक्त घट्ट झालंय, गुठळ्या होतायत. रक्त पातळ करायची गोळी लागेल बहुतेक.

स्लाइडवाली
दादा, रक्त पातळ करायची गोळी कुणाच्याही सांगण्यावरून घेऊ नका. आधीच एखादी चालू असेल तर ती मनाने बंदही करू नका, सोमवारी सर्जनना तिचं नाव सांगा. हे आधी, बाकीचं नंतर.

मी लॅबमध्ये काम करते, तुमच्या लॅबमध्ये नाही. डॉक्टर नाही. कागदावर छापलेलं काय म्हणतंय एवढंच मी सांगू शकते.

०.८२ ला घाबरायचं कारण एकक आहे. तो आकडा लाखात आहे, म्हणजे एका घन मिलिमीटर रक्तात ८२,००० प्लेटलेट. दुसऱ्या लॅबने हेच ‘८२’ असं हजारात छापलं असतं, तिसऱ्याने ८२,००० असं पूर्ण. तिन्ही एकच. वहिनींना सांगा, एकही उरली नाही असा त्याचा अर्थ होत नाही. पुढचा एल एवढंच म्हणतो की यंत्राने मोजलेला आकडा लॅबच्या खालच्या रेषेच्या, म्हणजे दीड लाखाच्या, खाली आहे. कारण काय, ते एल सांगत नाही.

औषधदुकानवाले दादा, तुम्ही म्हणता ती पीसीटी वेगळी, ती प्रोकॅल्सिटोनिन. सीबीसीच्या कागदावर जी छापतात ती प्लेटलेटक्रिट, म्हणजे रक्ताच्या एकूण मापातला प्लेटलेटचा टक्का. हे वेगळं मोजलंही जात नाही. काउंट आणि सरासरी आकार यांचा गुणाकार करून यंत्रच छापतं. ह्यांच्या कागदावरच बघा: ८२ गुणिले १२.६ म्हणजे १,०३३, त्याला दहा हजारांनी भागा, ०.१० येतं. काउंट चुकीचा असेल तर हाही चुकलेलाच असणार. एल दिसला म्हणून दुसरा आजार सापडला असं नाही, एकाच गोष्टीचा हा दुसरा प्रतिध्वनी आहे.

क्लम्प्सबद्दल जेवून लिहिते, त्याला जागा लागेल.

पार्कचौक
जेवा जेवा. इकडे सगळ्यांनी शेवटची ओळ सोडली. ‘काइंडली कोरिलेट क्लिनिकली’ प्रत्येक रिपोर्टवर असते. म्हणजे हात झटकायचं कलम ना?

स्लाइडवाली
काही ठिकाणी ती सवयीने छापलेली असते हे खरं. पण तिचं काम आहे. लॅबने फक्त नळी बघितली, माणूस बघितला नाही. अंगावर लाल बारीक ठिपके आहेत का, हिरड्यांतून रक्त येतं का, कोणत्या गोळ्या चालू आहेत, हे लॅबला माहीत नसतं. म्हणून ती डॉक्टरांना म्हणते, हा आकडा पेशंटशी ताडून बघा. ती ओळ डॉक्टरांसाठी आहे, पेशंटसाठी नाही, त्यामुळे वाचणाऱ्याला उगाच भीती वाटते.

आता क्लम्प्स, म्हणजे प्लेटलेटचे गोळे. ते दिसले स्मिअरवर, म्हणजे काचेच्या स्लाइडवर पसरून भिंगाखाली बघितलेल्या रक्ताच्या थेंबात. सीबीसीची नळी जांभळ्या टोपणाची असते. तिच्या आतल्या भिंतीला ईडीटीए नावाचं रसायन लावलेलं असतं. ते रक्तातलं कॅल्शियम धरून ठेवतं आणि कॅल्शियम नसलं की रक्त गोठत नाही. जवळपास सगळ्यांच्या बाबतीत हे नीट चालतं. थोड्या लोकांच्या रक्तात अशी प्रतिपिंडं असतात की कॅल्शियम काढून घेतलं की ती प्लेटलेटला चिकटतात आणि प्लेटलेट एकमेकींना धरून बसतात. हे नळीत होतं. ईडीटीए शरीरात नसतं, त्यामुळे ह्या प्रकारच्या क्लम्पचा अर्थ ‘अंगात गुठळ्या होतायत’ असा होत नाही. औषधदुकानवाल्या दादांनी तीच गल्लत केली.

आता यंत्र कसं मोजतं ते बघा. बरीच यंत्रं पेशी आकाराने ओळखतात. बारीक ती प्लेटलेट, मोठी ती लाल पेशी, आणि लाल पेशी विरघळवल्यावर जे मोठं उरतं ते पांढरी पेशी. दहा-पंधरा प्लेटलेट एकत्र चिकटल्या तर त्यांचा गोळा प्लेटलेटच्या खिडकीत बसत नाही. शाळेच्या पोरांनी भरलेली रिक्षा नाक्यावर एकच वाहन म्हणून मोजली जाते ना, तसं. पोरं हरवत नाहीत, मोजणीतून सुटतात. आणि तो गोळा पुरेसा मोठा असेल तर यंत्र त्याला पांढरी पेशी समजू शकतं. तुमच्या ११,६०० मध्ये असे गोळे किती आणि खऱ्या पांढऱ्या पेशी किती, हे ह्या कागदावरून मला सांगता येणार नाही. पण क्लम्प्स असताना एच वाचून लगेच इन्फेक्शन म्हणू नये, एवढं नक्की.

एमपीव्ही म्हणजे प्लेटलेटचा सरासरी आकार. लहान गोळे खिडकीत शिरले की तोही फुगू शकतो. खऱ्याच मोठ्या प्लेटलेट असल्या तरी वाढतो. म्हणून तोही तूर्त बाजूला ठेवा.

पार्कचौक
मग सरळ सांगा ना त्यांना, दादा घाबरू नका, खोटा आकडा आहे, प्लेटलेट नॉर्मल आहेत. एवढं लांबवायचं कशाला बे?

स्लाइडवाली
कारण ते मला माहीत नाही. क्लम्प्स दिसले याचा अर्थ छापलेला आकडा विश्वासाचा नाही. खरा आकडा नॉर्मल आहे असा त्याचा अर्थ नाही. एखाद्याच्या प्लेटलेट खरोखर कमी असतात आणि त्या वर चिकटतातही. मी ‘नॉर्मल आहे’ म्हटलं आणि त्या भरवशावर ह्यांनी परत रक्त दिलंच नाही, तर ऑपरेशनच्या टेबलावर त्याचा हिशेब होईल. उलट ‘कमी आहेत’ म्हणणंही तितकंच चुकीचं. कागद स्वतःच म्हणतोय की मला धरू नका, परत मोजा. तिथपर्यंतच मी येते.

दादा, तुम्ही रक्तस्राव नाही म्हणालात. सोमवारपर्यंत नाकातून रक्त येऊन थांबेना, हिरड्यांतून आलं, शौचाला काळं झालं किंवा पायांवर बारीक लाल ठिपके उठले, तर सोमवारची वाट बघू नका. सरळ दवाखान्यात जा आणि हा कागद दाखवा.

यंत्रमाग_अक्कलकोटरोड
नाही, असं काही नाही. बायकोला ८२ हजार सांगितलं, आता ती म्हणते हजारात आहे तर रडत कशाला होतो आपण. दोन प्रश्न. सायट्रेट म्हणजे काय, वेगळी टेस्ट आहे का? आणि घेतलं ७.४० ला, पोचलं ११.१५ ला, हा घोळ आहे का? साडेतीन तास पोरगा गावभर फिरला असणार.

स्लाइडवाली
टेस्ट तीच, नळी वेगळी. फिकट निळ्या टोपणाची, तिच्यात सोडियम सायट्रेटचं पाणी असतं. तेही कॅल्शियमलाच धरतं, पण बऱ्याच जणांच्या प्लेटलेट त्यात चिकटत नाहीत. काही जणांच्या त्यातही चिकटतात, हेही सांगून ठेवते.

वेळेबद्दल. घरून गोळा करायचं म्हटलं की दोन-चार तास जातातच आणि साध्या सीबीसीला त्याने बिघडत नाही, म्हणून त्याला घोळ म्हणणार नाही. पण हे ईडीटीएमुळे चिकटणं वेळेबरोबर वाढतं, नमुना थंड होत गेला तरी वाढतं. घेतल्या घेतल्या मोजलं असतं तर आकडा वेगळा आला असता, ही शक्यता आहे. म्हणून ह्या वेळी घरी बोलावू नका, लॅबमध्ये जाऊन द्या. समोर सांगा की मागच्या रिपोर्टवर क्लम्प्स होते, जांभळी आणि निळी अशा दोन्ही नळ्या घ्या, लगेच मोजा आणि स्लाइड बघा.

दोन्ही का? क्लम्प व्हायला दुसरं एक साधं कारण असतं. शीर सापडली नाही, रक्त हळूहळू आलं किंवा नळी भरल्यावर आठ-दहा वेळा उलटी-सुलटी केली नाही, तर रसायन मिसळायच्या आधीच थोडं गोठायला लागतं. तसं असेल तर नीट घेतलेल्या दुसऱ्या जांभळ्या नळीत क्लम्प दिसणार नाहीत. परत जांभळीत दिसले आणि निळीत नाही, तर बोट ईडीटीएकडे जातं.

रात्रपाळी_डॉक्टर
थोडी भर. आम्ही वॉर्डात सायट्रेटच्या आकड्यापेक्षा स्लाइडवर जास्त विसंबतो. तेलाच्या भिंगाखाली एका वर्तुळात सरासरी किती प्लेटलेट दिसतात ते मोजून पंधरा हजारांनी गुणायचं. वर्तुळात १२ दिसल्या तर साधारण १ लाख ८०. अंदाज असतो, पण डोळ्याने बघितलेला असतो. सायट्रेटची भानगड अशी की ते द्रव आहे, रक्त पातळ होतं.

स्लाइडवाली
डॉक्टर, गोळे असलेल्या स्लाइडवर तो अंदाजही हुकतो. गोळे बहुतेक स्लाइडच्या कडेला आणि शेपटीला जातात, मधे विरळ दिसतं. चांगल्या हाताने ओढलेली स्लाइड असेल तर मान्य. मी दोन्ही मागेन.

रात्रपाळी_डॉक्टर
स्लाइड कुणाच्या हातची, यावर आलं सगळं. तिथे आपलं एकमत व्हायचं नाही.

अक्का_विजापूररोड
मग पपईचा रस द्यायचा का नाही? ते कुणी बोललंच नाही.

यंत्रमाग_अक्कलकोटरोड
शनिवारी सकाळी स्वतः जाऊन देऊन आलो. दोन्ही नळ्या. आता रिपोर्ट आला.

जांभळी: प्लेटलेट ०.९४ लाख, शेरा क्लम्प्स सीन.
निळी: प्लेटलेट १.४२ लाख, शेरा नो क्लम्प्स. पांढऱ्या पेशी ८,३००. प्लेटलेटपुढे परत एल.

वाढल्या म्हणून बरं वाटलं, पण एल गेला नाही. दीड लाखाला आठ हजार कमी पडतात. म्हणजे कमीच ना शेवटी?

निवृत्त_गणितमास्तर
एक मिनिट. डॉक्टर म्हणाले निळ्या नळीत द्रव असतो. किती?

स्लाइडवाली
मास्तर, बरोबर नस धरलीत. तीन मिलीच्या नळीत ०.३ मिली सायट्रेट असतं आणि २.७ मिली रक्त घ्यायचं असतं.

निवृत्त_गणितमास्तर
म्हणजे यंत्रापुढे जे गेलं त्यात रक्त नऊ दशांश. आलेल्या आकड्याला ०.९ ने भागलं पाहिजे. १.४२ भागिले ०.९ म्हणजे १.५८. रेषेच्या वर गेला की हो आकडा!

स्लाइडवाली
लॅबमध्ये १.१ ने गुणायची पद्धत आहे. तसं केलं तर १.५६ येतं. पण लगेच टाळ्या वाजवू नका. प्रश्न असा आहे की छापलेला १.४२ हा गुणून आलेला आहे की यंत्राचा कच्चा आकडा. गुणलेला असेल तर तो १.४२ च राहतो. कागदावर कुठे ‘डायल्यूशन करेक्टेड’ किंवा ‘मल्टिप्लाइड बाय १.१’ असं आहे का?

यंत्रमाग_अक्कलकोटरोड
शोधलं. नाही. नुसतं ‘सायट्रेट सॅम्पल’.

निवृत्त_गणितमास्तर
आणि नळी पूर्ण भरलीच नसेल तर? निम्मंच रक्त, १.३५ मिली, आणि द्रव तेवढाच ०.३. एकूण १.६५. मग १.१ नाही, जवळजवळ १.२२ ने गुणायला हवं.

स्लाइडवाली
म्हणूनच निळी नळी खुणेपर्यंत भरलेली नसली तर आम्ही ती परत करतो. ती खूण मी इथून बघू शकत नाही. दादा, लॅबला फोन करून एवढंच विचारा: १.४२ गुणलेला आहे का, आणि स्लाइडवरचा अंदाज किती? सही करणाऱ्या पॅथॉलॉजिस्टना विचारा, काउंटरवरच्या मुलीला माहीत नसतं.

पांढऱ्या पेशी ८,३०० झाल्या, त्याही निळ्या नळीतल्या आहेत हे विसरू नका. कच्चा आकडा असेल तर ९,१०० च्या आसपास. ११,६०० पेक्षा कमी आणि तुमच्या रेंजच्या आत. गोळ्यांचा भाग त्यात होता असं दिसतं, पण दिवसही वेगळा आहे. हिमोग्लोबिन मात्र जांभळ्या नळीचंच धरा, निळीतलं पातळ झालेलं असतं. दोन कागद शेजारी ठेवून ‘एका दिवसात रक्त उतरलं’ म्हणणारे घरोघरी भेटतात.

पार्कचौक
समजा गुणलेला असला, १.४२ च खरा. मग आजार?

स्लाइडवाली
दीड लाखाची रेषा अशी काढलेली असते की धडधाकट लोकांपैकी साधारण ९५ टक्के त्या रेंजच्या आत येतील. उरलेले पाच टक्के धडधाकट असूनही बाहेर पडतात, काही खाली, काही वर. त्यामुळे १.४२ आणि १.५६ ह्यांच्यामध्ये कुंपण नाही, फक्त छापलेली रेष आहे. पण १.४२ सोडून द्यायचा की त्याच्या मागे जायचं, हे जुने रिपोर्ट, बाकीची औषधं, पोट तपासून मिळालेली माहिती हे सगळं बघून डॉक्टर ठरवतील. दादा, दोन-तीन वर्षांपूर्वीचा एखादा सीबीसी घरात आहे का? असेल तर न्या. तेव्हाही कमी छापला होता का आणि खाली शेरा होता का, हे त्यांना उपयोगी पडेल.

यंत्रमाग_अक्कलकोटरोड
कपाटात एक सापडला, कोविडच्या आधीचा. प्लेटलेट १.०५ लाख, एल. शेरा काहीच नाही. तेव्हा कुणी काही बोललंच नाही, मीही बघितलं नाही.

औषधदुकान
बघा, म्हणजे जुनाच आजार आहे. मी म्हणालो होतो काहीतरी आहे म्हणून.

रात्रपाळी_डॉक्टर
किंवा जुनीच नळीची गंमत, तेव्हा स्लाइड कुणी बघितली नसेल. दोन्ही शक्य आहे. हा कागद नक्की न्या.

यंत्रमाग_अक्कलकोटरोड
लॅबला फोन झाला. पॅथॉलॉजिस्ट मॅडम म्हणाल्या १.४२ हा यंत्राचा कच्चा आकडा आहे. करेक्टेड आकडा आणि स्लाइडचा अंदाज दोन्ही टाकून सुधारित रिपोर्ट सोमवारी सकाळी देतील. सर्जनना मेसेज केला, त्यांनी भूलतज्ज्ञांना दाखवून तारीख कळवतो म्हटलंय. म्हणजे तारीख अजून हवेतच.

स्लाइडवाली
तिन्ही कागद एकत्र न्या, नुसता शेवटचा नेऊन चालणार नाही. आणि डॉक्टरांना जर हे ईडीटीएचंच वाटलं, तर त्यांच्याकडून केसपेपरवर तसं लिहून घ्या. पुढच्या वेळी ताप येऊन दुसऱ्या दवाखान्यात गेलात, तिथे परत जांभळ्या नळीत ८० हजार दिसले, तर ते तुम्हाला डेंगूच्या वॉर्डात नेऊन ठेवतील. आणि उलटंही होतं: ‘माझं नेहमीच कमी दिसतं’ म्हणून खरोखरचा डेंगू कुणी अंगावर काढू नये. ताप असेल तेव्हा निळ्या नळीत पुन्हा मोजायचंच.

अक्का_विजापूररोड
आमच्या नातवाच्या रिपोर्टवर पण क्लम्प असं काहीतरी होतं वाटतं. शोधते. पपईचं मात्र राहिलंच.

स्लाइडवाली
अक्का, सापडला तर वेगळा धागा काढा. रेंज आणि एककासकट सगळ्या ओळी लिहा, आणि नाव-नंबर झाका. पपईचं नातवाच्या डॉक्टरांना विचारा, माझ्या यंत्राला त्यातलं काही कळत नाही.